डॉमिनन्स घसरला, पण तो वाटा नेमका गेला कुणाकडे?

प्रश्न: 2025 च्या जूनअखेर बिटकॉइन डॉमिनन्स 65 टक्के होता, ऑगस्टमध्ये 58 वर आला. सगळे म्हणत होते की डॉमिनन्स पडला म्हणजे पैसा ऑल्टकॉइनकडे, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीच्या नाण्यांकडे वळला. माझ्याकडचे छोटे ऑल्ट मात्र फारसे हललेच नाहीत. मग हा संकेत खोटा आहे का? खरं रोटेशन ओळखायचं कसं? आणि अशा वेळी बिटकॉइन विकून ऑल्ट घ्यावेत का?

उत्तर:

संकेत खोटा नाही, पण अर्धा आहे. बिटकॉइनचा वाटा कमी झाला एवढंच डॉमिनन्स सांगतो. तो वाटा कुणाकडे गेला हे त्या रेषेत दिसत नाही, आणि तुमचा सगळा प्रश्न तिथेच आहे. त्या दोन महिन्यांत बिटकॉइनने गमावलेला वाटा जवळजवळ सगळा ईथर या इथेरियमच्या एकट्या नाण्याकडे गेला. तुमच्या छोट्या नाण्यांपर्यंत फार थोडा पोचला.

आधी गणित पाहू. डॉमिनन्स म्हणजे बिटकॉइनचं मार्केट कॅप भागिले सगळ्या क्रिप्टोचं मार्केट कॅप. हे गुणोत्तर आहे, त्यात पैशाच्या प्रवाहाची नोंद नसते. जूनअखेर बिटकॉइन साधारण 1,07,000 डॉलरला होता आणि चलनात सुमारे 1 कोटी 99 लाख नाणी होती, म्हणजे मार्केट कॅप 2,130 अब्ज डॉलरच्या आसपास. एकूण बाजार अंदाजे 3,270 अब्जांचा. भागाकार येतो 65 टक्के. आता समजा, बिटकॉइनमधून एक डॉलरही बाहेर पडला नाही, त्याचा भाव आहे तिथेच राहिला आणि फक्त ईथरचं मार्केट कॅप 277 अब्जांनी वाढलं. छेद 3,547 अब्ज झाला आणि डॉमिनन्स 60 वर आला. कुणीही बिटकॉइन विकलेला नाही, तरी डॉमिनन्स पाच टक्क्यांनी घसरलेला दिसतो.

हा 277 अब्जांचा आकडा उदाहरणापुरता काढलेला नाही. 30 जूनला ईथर 2,500 डॉलरच्या किंचित खाली होता, 24 ऑगस्टला 4,800 च्या आसपास. सुमारे 12 कोटी 7 लाख ईथर चलनात आहेत, त्यामुळे त्याचं मार्केट कॅप 300 अब्जांवरून 577 अब्जांच्या घरात गेलं.

आता पूर्ण बाजाराचे चार भाग करून त्या दोन तारखांचा ताळा घालू. आकडे जवळच्या पूर्ण टक्क्यात घेतले आहेत. जूनअखेर बिटकॉइन 65, ईथर 9, यूएसडीटी-यूएसडीसीसारखी डॉलरला बांधलेली स्टेबलकॉइन्स 8 आणि बाकी सगळे मिळून 18 टक्के. 24 ऑगस्टच्या सुमारास बिटकॉइन 58, ईथर 15, स्टेबलकॉइन्स 7, बाकी सगळे 20. बिटकॉइनचे सात गेले, त्यातले सहा ईथरला मिळाले. 'बाकी सगळे' या गटाचे फक्त दोन वाढले, आणि डॉलरमध्ये मोजलं तर त्या वाढीतला निम्म्याहून अधिक हिस्सा एक्सआरपी, बीएनबी आणि सोलाना या तिघांचा होता. उरलं ते हजारो नाण्यांत वाटलं गेलं. तुमचे ऑल्ट हलले नाहीत यात नवल काहीच नाही.

ईथरच का, हेही समजून घ्यायला हवं, कारण पुढच्या वेळी काय होईल याचा अंदाज त्यावरूनच येतो. त्या काळात अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या काही कंपन्यांनी आपल्या तिजोरीत ईथर भरायला सुरुवात केली. शार्पलिंक गेमिंग आणि बिटमाइन इमर्शन ही त्यातली मोठी नावं. नवे शेअर विकायचे आणि आलेल्या पैशातून ईथर घ्यायचे, असा तो मार्ग. त्याच जुलैत ईथरच्या स्पॉट ईटीएफमध्येही जोरदार पैसा आला. 18 जुलैला अमेरिकेत स्टेबलकॉइनसाठीचा जीनियस कायदा झाला आणि स्टेबलकॉइनचा मोठा भाग इथेरियमवर चालतो म्हणून ईथरला आणखी बळ मिळालं. हा पैसा शेअर बाजारातून थेट ईथरमध्ये आला. तो बिटकॉइनमधून निघालेला नव्हता. काही खरं रोटेशनही झालं: ऑगस्टच्या उत्तरार्धात एका जुन्या, मोठ्या बिटकॉइनधारकाने अब्जावधी डॉलरचे बिटकॉइन देऊन ईथर घेतले आणि ते ब्लॉकचेनवर सगळ्यांना दिसलं. पण त्या तेजीचा पाया नव्या पैशाचा होता. ज्याने ब्रोकरकडून ईथरचा ईटीएफ घेतला तो नफा झाल्यावर एक्स्चेंजवर येऊन एखादं छोटं टोकन घेत नाही. तो ईटीएफ विकतो आणि पैसे पुन्हा ब्रोकरच्या खात्यात जातात.

आता यापुढे 2021 ठेवून बघा, कारण 'डॉमिनन्स पडला की ऑल्टसीझन' हा समज मुख्यतः त्या वर्षाने आणि 2017 ने लोकांच्या मनात पक्का केला. 1 जानेवारी 2021 ला बिटकॉइनचा वाटा सुमारे 71 टक्के होता, ईथरचा 11, स्टेबलकॉइन्सचा 4 आणि बाकी सगळ्यांचा 14. 12 मेच्या सुमारास बिटकॉइन 42, ईथर 20, स्टेबलकॉइन्स तेवढेच 4 आणि बाकी सगळे 34. बिटकॉइनचे 29 गेले. त्यातले नऊ ईथरने घेतले आणि वीस थेट तळापर्यंत पसरले. रोटेशन म्हणतात ते हे.

त्याचा क्रमही बघण्यासारखा होता. वर्षाच्या सुरुवातीला बिटकॉइनच पुढे धावत होता. मग ईथरने बिटकॉइनच्या मानाने वेग घेतला. ETHBTC ही जोडी, म्हणजे बिटकॉइनमध्ये मोजलेला ईथरचा भाव, जानेवारीच्या सुरुवातीला 0.025 च्या आसपास होती, मेच्या मध्यात 0.08 वर गेली. बिटकॉइनने 14 एप्रिलला 64,800 डॉलरचा उच्चांक केला आणि त्यानंतर तो थबकला. थोडा पडला, पण कोसळला नाही. नेमक्या त्या आठवड्यांत डॉमिनन्स 50 च्या खाली घसरला. बिटकॉइन स्थिर, ईथर त्याच्या तुलनेत वर आणि बाकीचे ऑल्ट ईथरपेक्षाही वेगात, अशी ती स्थिती होती. नफ्यात बसलेल्या लोकांना बिटकॉइन पडण्याची भीती नव्हती आणि तो आणखी धावेल ही घाईही नव्हती, म्हणून ते एकेक पायरी खाली उतरत गेले. त्यांचे बिटकॉइन एक्स्चेंजवरच होते आणि एका क्लिकवर बदलता येत होते, हेही महत्त्वाचं. नाणीही तेव्हा कमी होती. आज टोकन काढणं इतकं सोपं झालंय की त्यांची संख्या कोटींत गेली आहे. तळाशी पोचणारा पैसा तेवढाच राहिला, तरी प्रत्येकाच्या वाट्याला येणारा घास लहानच होणार.

त्याच मे महिन्यातली एक घटना मला फार बोलकी वाटते. भारतात कोविडची दुसरी लाट होती. पॉलिगॉनचे संदीप नैलवाल यांनी मदतीसाठी क्रिप्टो निधी सुरू केला होता आणि इथेरियमचे विटालिक बुटेरिन यांनी 12 मेला त्यात शिबा इनूची 50 लाख कोटी नाणी दिली. त्या वेळच्या भावाने त्यांची किंमत 1 अब्ज डॉलरहून अधिक होती. देणगीची बातमी येताच शिबाचा भाव कोसळला, नाणी फार जपून टप्प्याटप्प्याने विकावी लागली आणि हाती आलेली रक्कम कागदावरच्या आकड्यापेक्षा बरीच कमी भरली. मार्केट कॅप म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव गुणिले सगळी नाणी. पातळ बाजारात थोड्या खरेदीने ते अब्जांनी वाढतं. डॉमिनन्सच्या छेदात हेच फुगलेलं मार्केट कॅप बसलेलं असतं. म्हणून तेजीच्या शेवटच्या टप्प्यात डॉमिनन्स सर्वांत वेगाने पडतो, आणि तिथे 'आता रोटेशन पक्कं झालं' असं समजून शिरणारा माणूस सर्वांत जास्त अडकतो. 19 मे 2021 ला बिटकॉइन एका दिवसात 30,000 डॉलरपर्यंत आला, ऑल्ट त्याहून जास्त पडले आणि 40 च्या आसपास टेकलेला डॉमिनन्स पुढच्या काही आठवड्यांत 45 च्या वर गेला.

तर ओळखायचं कसं? मी दर आठवड्याला वर घातला तसाच चार भागांचा ताळा घालतो: बिटकॉइन, ईथर, स्टेबलकॉइन्स, बाकी सगळे. साप्ताहिक कँडल यूटीसीप्रमाणे रविवारी मध्यरात्री बंद होते, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला. त्यानंतरचे आकडे एका वहीत किंवा शीटमध्ये लिहायचे. स्रोत एकच ठेवायचा. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या साइटवरचा डॉमिनन्स, BTC.D, मोजक्या मोठ्या नाण्यांवरून काढलेला असतो, कॉइनगेको हजारो नाणी मोजतं, त्यामुळे दोघांच्या आकड्यांत दोन-तीन टक्क्यांचा फरक राहतो. आज इथला आणि उद्या तिथला आकडा घेतला तर नसलेली हालचाल दिसू लागते.

वही नको असेल तर ट्रेडिंगव्ह्यूच्या सिंबॉलच्या जागी या दोन ओळींपैकी एकेक टाइप करा:

```
CRYPTOCAP:BTC/(CRYPTOCAP:TOTAL-CRYPTOCAP:USDT-CRYPTOCAP:USDC)*100
CRYPTOCAP:OTHERS/CRYPTOCAP:BTC
```

पहिली ओळ दोन प्रमुख स्टेबलकॉइन वगळून डॉमिनन्स देते. बाजार पडत असताना ती फार कामाची आहे. लोक बिटकॉइन विकून यूएसडीटीत बसले की बिटकॉइनचं मार्केट कॅप घटतं, स्टेबलकॉइनचं तसंच राहतं किंवा वाढतं, आणि साधा डॉमिनन्स खाली येऊ शकतो. त्या वेळी पैसा ऑल्टमध्ये गेलेला नसतो, तो काठावर बसलेला असतो. साधा डॉमिनन्स खाली आणि पहिल्या ओळीतला जागच्या जागी असेल, तर ते रोटेशन समजू नये.

दुसरी ओळ माझ्या दृष्टीने जास्त महत्त्वाची, आणि तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर तीच देते. OTHERS म्हणजे पहिली दहा नाणी वगळून बाकीचे. त्यांची बिटकॉइनशी तुलना केली की मोठ्या नाण्यांचा गोंगाट निघून जातो. ही रेषा काही आठवडे आधीच्यापेक्षा वरचे तळ करत असेल, त्याच वेळी ETHBTC वर असेल आणि बिटकॉइन स्वतः एका पट्ट्यात शांत असेल, तर पैसा खाली झिरपतोय असं मी धरतो. तिन्हींपैकी एक नसेल तर थांबतो. बिटकॉइन जोरात चढत असेल तर लोक त्यालाच चिकटून राहतात. जोरात पडत असेल तर आधी ऑल्ट विकतात.

या चाळणीतून 2024 चा शेवट काढून बघा. नोव्हेंबरच्या पूर्वार्धात 60 च्या घरात असलेला डॉमिनन्स डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात 55 च्या आसपास आला. सगळीकडे ऑल्टसीझनचा गजर झाला. पण त्याच महिन्याभरात एक्सआरपी अर्ध्या डॉलरवरून अडीच डॉलरच्या वर गेला होता. त्याची सुमारे 57 अब्ज नाणी चलनात, म्हणजे मार्केट कॅप 30 अब्जांवरून 150 अब्जांच्या घरात. एकूण बाजारातला त्याचा वाटा एक टक्क्याच्या थोडा वरून चार टक्क्यांपर्यंत गेला. डॉमिनन्सच्या घसरणीतला जवळपास निम्मा भाग या एकट्या नाण्याचा होता, आणि त्यामागे अमेरिकेतल्या निवडणुकीच्या निकालानंतर नियामकांचं धोरण बदलेल ही अपेक्षा होती. ETHBTC ने थोडी उसळी घेतली, पण ती टिकली नाही आणि एप्रिल 2025 मध्ये ही जोडी 0.02 च्याही खाली गेली. डॉमिनन्स फेब्रुवारीतच पुन्हा 60 च्या वर होता. वाट्यांचा ताळा घातलेल्याला ही एका नाण्याची तेजी आहे हे त्याच वेळी कळत होतं. फक्त BTC.D पाहणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

या साधनाची मर्यादाही ध्यानात असू द्या. रोटेशन सुरू आहे की नाही हे ते सांगतं, किती टिकेल हे नाही. 10 ऑक्टोबर 2025 ला ट्रम्प यांनी चीनवर आणखी 100 टक्के आयातशुल्काची घोषणा केली आणि एका दिवसात 19 अब्ज डॉलरहून अधिक किमतीचे उधारीवरचे, लिव्हरेज्ड सौदे सक्तीने बंद केले गेले. अनेक ऑल्ट काही मिनिटांत निम्म्याहून खाली आले आणि डॉमिनन्स झटक्यात वर उसळला. साप्ताहिक आकड्यांत याची चाहूल आधी कुठेच नव्हती, असू शकतही नव्हती. म्हणून रोटेशन पक्कं वाटलं तरी उधारीवर, फ्युचर्समध्ये ऑल्ट धरून ठेवू नका. दिशा बरोबर असूनही त्या रात्री लोकांची खाती रिकामी झाली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, बिटकॉइन विकून ऑल्ट घ्यावेत का. भारतात राहून हा व्यवहार करत असाल तर परदेशी यूट्यूबरचा हिशेब तुम्हाला लागू होत नाही. आपल्याकडे 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे, वर 4 टक्के सेस. एक नाणं देऊन दुसरं घेणं हीसुद्धा विक्रीच धरली जाते. तुम्ही 10 लाखांना घेतलेल्या बिटकॉइनची किंमत आज 15 लाख आहे असं धरा. तो देऊन ऑल्ट घेतलेत की 5 लाखांच्या नफ्यावर 1 लाख 56 हजारांचा कर लागला. एक टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा, पण विवरणपत्रात त्याची वजावट मिळते. प्रत्यक्षात ऑल्टमध्ये लावायला 13 लाख 44 हजार उरले. ते पुन्हा 15 लाख व्हायला ऑल्टला जवळपास 12 टक्के वाढावं लागेल, आणि त्या काळात बिटकॉइन जागचा हलला नाही तरच तुमची बरोबरी. हा कर बिटकॉइन कधी विकला असता तर तेव्हा भरावा लागलाच असता, हे खरं. पण आज भरलेले पैसे आज कामातून गेले.

त्याहून जाचक नियम तोट्याचा आहे. घेतलेला ऑल्ट 3 लाखांनी पडला आणि तुम्ही विकून बाहेर पडलात, तरी तो तोटा बिटकॉइनच्या 5 लाख नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही ओढता येत नाही. हातात नफा 2 लाखांचा, कर 5 लाखांवरचा. आठवड्याला एकदा इकडून तिकडे उड्या मारणाऱ्याचं यात काय होतं ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच मी असलेला बिटकॉइन रोटेशनसाठी सहसा हलवत नाही. महिन्याची जी नवी रक्कम क्रिप्टोत घालायची असते, तिचा ओघ बदलतो. तिन्ही अटी जुळल्या तर ती रक्कम ईथरमध्ये आणि एखाद-दोन मोठ्या ऑल्टमध्ये, नाहीतर नेहमीप्रमाणे बिटकॉइनमध्ये. त्यात जुना नफा उघडा पडत नाही आणि कर लागत नाही.

तुमच्याकडे आधीपासून असलेल्या छोट्या ऑल्टबद्दल एक करा. प्रत्येकाचा डॉलरमधला नव्हे, बिटकॉइनमधला साप्ताहिक चार्ट उघडा. जून ते ऑगस्ट 2025 हा ऑल्टला त्यातल्या त्यात अनुकूल काळ होता. त्या काळातही जी नाणी बिटकॉइनच्या तुलनेत नवे तळ करत होती, ती डॉमिनन्स आणखी पाच टक्क्यांनी पडला तरी तुमचे पैसे परत देतील असं धरून बसू नका. जी निदान टिकून राहिली, तेवढीच पुढच्या रोटेशनसाठी ठेवण्यालायक आहेत.